रुपयामागे दोन आणे

खालापूरहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नाला आडवा येतो. त्याच्यावरचा तीन कमानींचा दगडी पूल आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या अकरा मोऱ्या मी बांधल्या. ते माझ्या एकट्याच्या नावावर घेतलेलं पहिलं काम. त्याआधी सहा वर्षं मी दुसऱ्या ठेकेदाराकडे मापं घेत आणि हजेऱ्या लिहीत होतो. दगड, चुना, माती यांची अक्कल होती. भांडवल मात्र नव्हतं.

सगळ्या रस्त्याचं काम मुंबईच्या एका कंपनीनं घेतलं होतं आणि त्यातले तुकडे ती आमच्यासारख्या लहान ठेकेदारांना देत असे. माझा तुकडा चोवीस हजारांचा होता. चोवीस हजारांचं काम घेणाऱ्या माणसाच्या खिशात त्या दिवशी परतीच्या भाड्याचे पैसे कसेबसे होते. पण कंपनीची रीत अशी होती की काम सुरू करायला ती दहावा हिस्सा आगाऊ देत असे. माणसं आणायची, बैलगाड्या ठरवायच्या, चुन्याची भट्टी घालायची, पहारी-घण घ्यायचे, झोपड्या उभ्या करायच्या, हे सगळं पहिला दगड बसण्याआधीच करावं लागतं, आणि तोवर बिल कशाचं करणार?

कंपनीचा इंजिनियर पारशी होता. दहिवलीजवळ त्याचा तंबू होता आणि शेजारी कचेरीची झोपडी. करारावर सही करायच्या आधी त्यानं मला समोर बसवून कलम समजावून सांगितलं होतं.

"चोवीसशे रुपये आज देतो. काम होत जाईल तसं जे रनिंग बिल होईल, त्या दर बिलातून रुपयामागे दोन आणे कापून घेणार. समजलं?"

"साहेब, उचल दहावा हिस्सा. मग कापणी आठवा हिस्सा का?"

तो हसला. "दहाव्या हिस्स्यानं कापलं तर शेवटचं बिल होईतो कंपनीचा पैसा तुमच्याकडे अडकून राहील. आठव्या हिस्स्यानं कापलं की पाचातले चार हिस्से काम झालं तेव्हा फिटंफाट. शेवटचा पाचवा हिस्सा तुमचा, त्याला हात लावणार नाही."

मी मनात हिशोब केला. एकोणीस हजार दोनशेचं काम झालं की त्याचा आठवा हिस्सा बरोबर चोवीसशे. शिवाय दर बिलातून रुपयामागे एक आणा अनामत कापली जाणार होती, पण ती काम पुरं झाल्यावर एक पावसाळा गेला की परत मिळणार होती. मला हे वाजवी वाटलं. अजूनही वाटतं.

जामीन म्हणून थोरल्या भावानं सही केली. गावच्या घरातला आपला हिस्सा त्यानं लिहून दिला. पण त्या दिवसापासून मी त्याचा भाऊ कमी आणि त्यानं लिहून दिलेला कागद जास्त झालो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. घाटावरून चाळीस पाथरवट आले, बायका-पोरं धरून साठेक माणसं. त्यांच्या मुकादमाला मी नऊशे रुपये उचल दिली, कारण उचल हातात पडल्याशिवाय पाथरवट गाव सोडत नाही. बाकीचे पैसे गाड्यांत, भट्टीत आणि अवजारांत गेले. महिन्याभरात चोवीसशेतले सव्वाशे उरले. पण नाल्याच्या काठी असा आवाज सुरू झाला की सकाळी जाग आली की तो ऐकूनच बरं वाटायचं. चाळीस छिन्न्यांचा टणटणाट, आणि मधे मुकादमाचा आवाज, "खाली धर रं, खाली धर!"

पहिलं रनिंग बिल दोन हजारांचं झालं. ओव्हरसियर येऊन मापं घेऊन गेला, मापवहीत चढली, आणि हातात पैसे आले ते अडीचशे उचलीचे आणि सव्वाशे अनामतीचे कापून. दुसरं बिल बत्तीसशेचं. त्यातून चारशे गेले. चोवीसशेतले साडेसहाशे फिटले, साडेसतराशे राहिले. मी भावाला कळवलं. त्याचं उत्तर आलं, "बाकी साडेसतराशे हे ध्यानात आले. घरी सर्व क्षेम."

माझ्या बायकोला लिहिता येत नव्हतं. ती भावाच्याच घरी राहत होती. तिचं जे काही मला कळायचं ते भावाच्या अक्षरातल्या या तीन शब्दांतून. तिचा गुडघा दुखतो का, तिनं नवी साडी घेतली का, ती माझ्यावर रागावली आहे का, हे सगळं त्या 'सर्व क्षेम'मध्ये कुठेतरी असावं असं धरून मी ती पत्रं दोनदा वाचत असे.

माघात प्लेग आला. आधी कर्जत स्टेशनाजवळच्या गोदामात उंदीर मेल्याची बातमी आली, मग माणसांच्या बातम्या. स्टेशनावर उतारूंना उतरवून काखा तपासू लागले. ज्याला ताप दिसेल त्याला छावणीत नेत होते, आणि छावणीत गेलेला माणूस परत येत नाही असं सगळे म्हणत. आमच्या झोपड्यांत एका म्हाताऱ्या बाईला ताप आला. तो साधाच होता, तिसऱ्या दिवशी उतरलाही. पण तेवढ्यात लोकांचं काळीज फाटलं होतं.

एका दुपारी मुकादम माझ्याकडे आला. तो पन्नाशीचा, उंच, फार मोजकं बोलणारा माणूस. त्यानं हातातली टोपली माझ्यासमोर ठेवली. टोपलीत छिन्न्या होत्या.

"मालक, आम्ही निघतो."

"सगळे?"

"सगळे. बायका ऐकंनात. म्हणतात मरायचं तर गावात मरू."

नऊशेतले दोनशेसुद्धा अजून त्यांच्या मजुरीतून वळते झाले नव्हते. मी ते बोललो नाही, पण त्याला दिसलं असावं.

"उचल अंगावर आहे ती आम्ही विसरणार नाही," तो म्हणाला. "या छिन्न्या ठेवून जातो. पाथरवट छिन्नी ठेवून जातो म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. दसरा झाला की येऊ."

"वाटेत स्टेशनावर अडवतील."

"स्टेशनावर जाणारच नाही. घाटानं चालत जाऊ."

संध्याकाळपर्यंत झोपड्या रिकाम्या झाल्या. चुली विझल्या होत्या, पण राख गरम होती. गाडीवाले दोन दिवस आधीच गेले होते. उरलो मी, तीन अर्धवट कमानी, आणि घडवून रचून ठेवलेले चार-पाच हजार दगड.

मी का गेलो नाही, हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. खरं सांगायचं तर जायला जागा नव्हती. भावाकडे गेलो असतो तर दारातच त्यानं बाकी विचारली असती. आणि दगड सोडून गेलो असतो तर पावसाळ्याच्या आत ते लोकांच्या गोठ्यांत आणि बांधांत जाऊन बसले असते.

आसपासच्या गावांनी वाटांवर काटे टाकले. मी कंपनीच्या कामावरचा माणूस, म्हणजे स्टेशनाकडचा, म्हणजे रोग घेऊन फिरणारा. दहिवलीतला वाणी मला दुकानापाशी येऊ देत नसे. मी वडाखाली उभा राहून ओरडायचो, तो तांदूळ-डाळ एका धोंड्यावर ठेवून मागे सरायचा, मग मी ती उचलून पैसे तिथे ठेवायचो. तो ते पैसे ताकात बुडवून घेई. एरवी हाच माणूस मला बसवून घेऊन तंबाखू देत असे. शिमग्याच्या दिवशी गावातून ढोल ऐकू येत होते. मी झोपडीच्या दारात बसून भात खाल्ला. चार दिवसांत मी मोठ्यानं एक शब्द बोललो नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं, आणि उगाच म्हणून मी मोठ्यानं "होळी रे होळी" म्हटलं. आवाज घोगरा निघाला. पुन्हा म्हणावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाल्याच्या पलीकडे एक म्हातारा ठाकर उभा दिसला. डोंगराच्या उतारावर सातआठ घरांची त्यांची वाडी होती. तो तिथूनच ओरडला.

"शेट, काम हाय का?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटतंय की. पण बाजार बंद हाय. लाकडं कोन घेतंय? प्वाटाला भीती वाटत नाय."

तो आला, त्याची सून आली, आणि वाडीतली आणखी पाच माणसं. दगड बांधायची कला त्यांच्याकडे नव्हती. पण पायाची माती खणायला, चुना मळायला, दगड उचलून द्यायला ती पुरेशी होती. बांधणी मी करू लागलो. सहा वर्षं मी दुसऱ्यांची बांधणी मापली होती; आता स्वतःच्या हातानं पहिला दगड बसवला तेव्हा तो तीनदा काढून पुन्हा बसवावा लागला. मुकादमाची छिन्नी माझ्या हातात नीट बसत नसे. आठवड्यात अंगठा फुटला. म्हाताऱ्यानं कसला तरी पाला चावून त्यावर बांधला आणि म्हणाला, "हळू मार. दगूड पळून जात नाय."

महिनाअखेर ओव्हरसियर आला. तोही लांब उभा राहून टेपचं एक टोक मला धरायला लावत होता. तिसरं रनिंग बिल झालं दोनशे चाळीस रुपयांचं. ठाकरांची मजुरी, चुनखडीच्या गाडीचे पैसे आणि माझं पोट एवढं त्यातून भागणार होतं. मी पैसे आणायला दहिवलीच्या कचेरीत गेलो.

हेडक्लार्क चष्मा लावून बसला होता. त्यानं मला दारातच थांबवलं.

"तुमचं बिल पास झालं. पैसे नाहीत."

"म्हणजे?"

"साडेसतराशे बाकी आहे. पावसाळ्याला तीन महिने. बाकीचे तीन समान हप्ते केले. महिना पाचशे त्र्याऐंशी. तुमचं बिल दोनशे चाळीस. ते सगळं उचलीत वळतं केलं. राहिलेले तीनशे त्रेचाळीस तुमच्या जामिनाकडून मागवायचं पत्र लिहून ठेवलंय. उद्या जाईल."

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तो कंपनीचा पैसा सांभाळत होता. आजूबाजूचे दोन ठेकेदार उचल घेऊन पळाले होते हे मलाही माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर भाऊ ते पत्र उघडताना दिसला, आणि त्याच्यामागे दाराआड उभी असलेली माझी बायको. आणि पुलावर सात माणसं मजुरीची वाट बघत होती.

"करारात दोन आणे आहेत," मी म्हणालो.

"करार चालत्या कामाचा असतो. तुमचं काम चालतंय कुठे?"

"दोनशे चाळीसचं चाललं ना! तुम्हीच पास केलंत."

आवाज चढला असावा, कारण शेजारच्या तंबूतून इंजिनियर बाहेर आला. तो बराच वाळलेला दिसत होता. नंतर कळलं, मुंबईत त्याची बहीण त्याच महिन्यात गेली होती. त्यानं कराराचा कागद मागवला आणि उभ्या उभ्या इंग्रजीतलं कलम वाचलं. मग मराठीत मला आणि क्लार्कला दोघांनाही सांगितलं,

"'दर रनिंग बिलाच्या किमतीचा आठवा हिस्सा, पूर्ण फिटेपर्यंत.' महिन्याचा हप्ता कुठे लिहिलाय?"

"साहेब, बिलं अशी आली तर फिटायला दहा वर्षं लागतील," क्लार्क म्हणाला.

"लागतील. पण सगळंच कापलं तर हा माणूस उद्या निघून जाईल, आणि मग पूल कोण बांधणार? त्याचा भाऊ?" तो माझ्याकडे वळला. "काम मोठं तर कापणी मोठी, काम लहान तर कापणी लहान. म्हणूनच मी हिस्सा लिहिला, आकडा नाही लिहिला. पण खालचं कलमही वाचतो, ते ऐका. पावसाळा सोडून दोन महिने ओळीनं बिल आलं नाही, तर राहिलेली सगळी बाकी जामिनाकडून एकदम. म्हणजे दर महिन्याला बिल आलं पाहिजे. लहान चालेल, पण आलंच नाही हे चालणार नाही."

"येईल, साहेब."

क्लार्कनं कागद पुन्हा पुढे ओढला. दोनशे चाळीसचे तीस उचलीचे, पंधरा अनामतीचे. एकशे पंच्याण्णव रुपये त्यानं माझ्यासमोर मोजले आणि भावाला लिहिलेलं पत्र फाडलं. फाडताना तो म्हणाला, "मी हे तुमच्या वाईटासाठी करत नव्हतो." मी म्हणालो, "माहीत आहे." आणि ते खरंच होतं.

चैत्रात एकशे साठचं बिल झालं, वैशाखात दोनशेचं. वीस कापले, पंचवीस कापले. पावसाळ्याच्या तोंडाला बाकी राहिली सोळाशे पंच्याहत्तर. भावानं लिहिलं, "या वेगाने कसे होणार? बाकी पुष्कळ आहे. घरी सर्व क्षेम." मी ते ऊन उतरताना कमानीच्या सावलीत बसून वाचलं. एक कमान मी आणि म्हाताऱ्यानं मिळून पुरी केली होती. तो तिच्याखाली आडवा झाला होता. मी त्याला पत्र वाचून दाखवलं. का, ते सांगता येणार नाही. दुसरं कुणी नव्हतं.

"भाव इचारतोय व्हय तुमी कसं हाय?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो कुशीवर वळला. "मंग मी इचारतो. कसं हाय?"

"बरा आहे," मी म्हणालो. आणि पाणी प्यायला म्हणून नाल्यात उतरलो.

पावसाळा मी त्याच झोपडीत काढला. नाल्याला पूर आला तेव्हा अर्धवट खांबाला दोर बांधून म्हातारा आणि मी ओंडके ढकलत उभे राहिलो. खांब टिकला. श्रावणात म्हाताऱ्याला खोकला लागला आणि भाद्रपदात तो गेला. प्लेग नव्हता, म्हातारपण होतं. त्याची सून सांगायला आली. ती नाल्यापलीकडूनच म्हणाली, "म्हातारा गेला, शेट," आणि लगेच वळून चढणीला लागली. मी मागोमाग गेलो, पण त्यांच्या रीतीभातीत मला कुठे उभं राहावं ते कळेना. मी वाडीच्या कडेला थांबलो आणि सगळं उरकल्यावर परत आलो.

दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी घाटाकडून माणसं उतरताना दिसली. मी मोजली. साठ गेली होती, बावन्न आली. मुकादम पुढे होता. त्यानं डोक्याला बांधलेलं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "आठ गेली, मालक. त्यात माझी बायको."

मी त्याची टोपली आणून त्याच्यासमोर ठेवली. छिन्न्या मी तेल लावून ठेवल्या होत्या. एका छिन्नीचं टोक मी वापरून बोथट केलं होतं. त्यानं ती उचलून पाहिली, माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच थोडं हसला.

भावाचं पत्र आठवड्यात आलं. पाथरवट परत आल्याचं मी कळवलं होतं. त्यानं लिहिलं होतं की त्यांच्याकडची सगळी उचल पहिल्याच मजुरीतून कापून घ्यावी, पुन्हा पळाले तर? मी मुकादमाला बोलावून समोर बसवलं. सातशे वीस रुपये त्यांच्या अंगावर होते.

"जी माणसं गेली त्यांच्या नावची उचल मी सोडली," मी म्हणालो. "बाकीच्यांची मजुरीतून रुपयामागे दोन आणे कापीन. काम जास्त, कापणी जास्त. काम कमी, कापणी कमी."

"आणि पुन्हा काही झालं तर?"

"तर कापणी थांबेल. छिन्न्या ठेवून जा."

"मला वाटलं होतं तुम्ही सगळं एकदम घ्याल," तो म्हणाला. "तसं धरूनच आम्ही आलो होतो."

त्या वर्षी पुलानं वेग घेतला. पहिलं बिल चोवीसशेचं, तीनशे कापले. दुसरं चार हजारांचं, पाचशे. तिसरं छत्तीसशेचं, साडेचारशे. गेल्या वर्षी ज्या हातातून वीस आणि पंचवीस कापले जात होते त्याच हातातून आता शेकड्यांनी जात होतं, आणि तरी खिशात पुरेसं उरत होतं. मला तो नियम तेव्हा खरा समजला. इंजिनियरनं मला तो सांगितला होता, पण ऐकून कळणं वेगळं आणि लहान बिलावर जगून कळणं वेगळं.

चौथ्या बिलात, चौतीसशेच्या, शेवटचे चारशे पंचवीस कापले गेले. हेडक्लार्कनं उचलीच्या पानावर आडवी रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवून दाखवली. "बघून घ्या," तो म्हणाला. पुढे उरलेल्या अठ्ठेचाळीसशेच्या कामावर अनामतीखेरीज काही कापलं गेलं नाही.

मी भावाला कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. दोन महिने वाट पाहिली, मग समजलो. पत्रात विचारण्यासारखं त्याच्याकडे आता काही राहिलं नव्हतं. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. घराचा हिस्सा लिहून देणं सोपं नसतं.

वैशाखात पूल पुरा झाला. पाथरवट घाटावर निघून गेले. या वेळी चुलींत पाणी ओतून, झोपड्या झाडून गेले. मी शेवटची मापं द्यायला थांबलो आणि बायकोला बोलावून घेतलं. ती कर्जतला गाडीतून उतरली तेव्हा आम्ही एकमेकांना अठरा महिन्यांनी बघत होतो. बैलगाडीतून पुलापर्यंत येईतो ती माहेरचं, जावेचं, शेजाऱ्यांचं सांगत होती. मी ऐकत होतो. माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण कुठून धरावं ते सुचेना. पुलावर गाडी थांबवून मी म्हणालो, "हा."

तिनं कठड्यावर हात ठेवला, खाली वाकून कमानी पाहिल्या. मग माझ्याकडे वळली.

"तुम्ही किती हळू बोलता हो आता," ती म्हणाली. "ऐकूच येत नाही."

मी घसा खाकरला आणि पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणालो, "हा पूल."